टायगरचा व्हिडिओ

पैनगंगेच्या काठच्या गावात कुत्र्याचं नाव टायगर ठेवू नये. नदीपल्याड यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथले वाघ अधूनमधून नदी ओलांडून आदिलाबादच्या शिवारात येतात, आणि कुठे पंजाचा ठसा दिसला की गावोगावचे फोन वाजायला लागतात. नेमक्या अशाच दिवसांत आमच्या शेजारच्या काकांनी रात्री जेवणं झाल्यावर आमच्या बेला गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘टायगर घरात इचित्र आवाज काढून रायला. कोनी डॉक्टर असन तं लवकर सांगा.’

व्हिडिओ उघडायला वेळ लागतो, दोन ओळी वाचायला लागत नाही. एकाने ताबडतोब सगळ्यांना दारं लावून घ्यायला सांगितलं. दुसऱ्याने काकांना धीर दिला की घाबरू नका, त्याच्याकडे पाठ करू नका. तिसऱ्याने डॉक्टर कशाला हवा, असं विचारलं, कारण त्याच्या मते अशा वेळी आवाज काकांचा निघायला हवा होता, टायगरचा नव्हे. टायगर हा काकांचा चार किलोंचा पोमेरेनियन आहे आणि तो पालीला घाबरतो, हा खुलासा होईपर्यंत अर्धं गाव गच्चीवर होतं.

मग आम्ही तो व्हिडिओ पाहिला. खरं म्हणजे ऐकला, कारण पाहण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. पहिले काही क्षण फरशी दिसते. मग काकांचा अंगठा येतो आणि बराच वेळ मुक्काम करतो. अंगठा हलतो तेव्हा मागे ट्यूबलाइट आणि पुढे एक काळा गोळा दिसतो, तो टायगर. टीव्हीवरच्या मालिकेत कोणीतरी कोणाच्या तरी थोबाडीत मारतं, तो आवाज तीनदा येतो. त्यावर काकू म्हणतात, ‘मायबाई, पाय कसा करून रायला लेकरू!’ आजी म्हणते, ‘कांदा आना, कांदा हुंगवा त्याले.’ काका दर दोन सेकंदांनी ‘टायगर! टायगर बेटा! इकडं पाय!’ असं ओरडतात. बेटा एकदा इकडे पाहतो, आवाज थांबतो, आणि व्हिडिओही तिथेच थांबतो. ज्या कामासाठी चित्रीकरण चाललं होतं, ते काम काकांनी स्वतः हाक मारून बंद पाडलं होतं.

हा व्हिडिओ आदिलाबादला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर तेलुगू घरातले, पण मराठी आमच्याइतकंच सफाईने बोलतात. सोबत काकांनी वर्णनही पाठवलं होतं: ‘दमा झाला. घशात हाड अडकलं. किंवा अटॅक. नजर पन असू शकते. काय ते औषध कळवा.’ डॉक्टरांचं उत्तर मला फार आवडलं. ते म्हणाले, ‘काका, चार रोग तुम्हीच सांगितले, मग माझ्यासाठी काय ठेवलं? मला रोगाचं नाव नको. कुत्र्याने काय केलं ते सांगा.’

आता यातली गंमत अशी की हेच काका बैलाच्या बाबतीत असं कधीच करत नाहीत. मागे त्यांचा एक बैल बिघडला, तेव्हा १९६२ ला फोन लावून जनावरांची गाडी बोलावताना ते काय म्हणाले, हे मी शेजारी उभा राहून ऐकलं आहे. ‘सकाळपासून रवंथ बंद आहे. डावी कूस फुगली, थापटलं तं ढोलावानी वाजते. काल सांजेला ओला चारा जास्त खाल्ला. शेन टाकलं नाही. उठते, बसते, पोटाकडं मान वळवते.’ पाच वाक्यं, आणि त्यांत एकही रोग नाही. नुसतं जे दिसलं ते, कधीपासून ते, आणि त्याआधी काय घडलं ते. डावी कूस म्हणाले, नुसतं पोट म्हणाले नाहीत. कारण बैलाचं मोठं पोट डाव्या अंगाला असतं आणि वायू धरला की फुगवटा तिकडेच दिसतो, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. कॉलेजात वर्षानुवर्षं घालवून पशुवैद्यकाचे विद्यार्थी जे बोलायला शिकतात, ते काका गोठ्यात उभे राहून सहज बोलतात. पण बैल गोठ्यात असतो आणि टायगर सोफ्यावर. सोफ्यावरच्या प्राण्याकडे पाहताना माणसाला प्राणी दिसेनासा होतो. तिथे लेकरू दिसतं, आणि लेकराला कधी नुसता आवाज येत नाही, थेट अटॅक येतो.

डोळ्यांना जे वाटतं ते आणि प्रत्यक्षात घडतं ते वेगळं असतं, हे जगाला एकदा एका प्राण्याच्याच चित्रीकरणातून पटलं. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. चित्रकार बिनदिक्कत पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला उडता घोडा काढत. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, त्यांच्या तारा वाटेत ताणल्या आणि एका घोडीला पळवलं. चारही पाय हवेत असतात हे खरं निघालं, पण ते ताणलेले नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. सगळ्या चित्रकारांनी चुकीच्या क्षणी घोडा उडवला होता. मला यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. मायब्रिजने घोडी बाजूने टिपली, नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण, भर उन्हात, मागे पांढरा पडदा लावून. आणि कॅमेऱ्यांमागून कोणी ‘बेटा, इकडं पाय’ असं म्हणालं नाही. आज पशुवैद्य घरच्या व्हिडिओकडून जे मागतो ते जवळजवळ हेच आहे.

डॉक्टरांनी दुसरा व्हिडिओ मागितला, तेव्हा कारभार काकांच्या नातीने हातात घेतला. ती आदिलाबादला कॉलेजात आहे आणि घरात तिचा शब्द चालतो, कारण वायफायचा पासवर्ड तिच्याकडे आहे. तिने आधी डॉक्टरांना फोन करून एकच प्रश्न विचारला, ‘तुम्हाला नेमकं काय पाहायचं आहे?’ डॉक्टर म्हणाले, ‘हवा आत जाते की बाहेर येते, एवढं मला पाहायचं आहे.’

हे ऐकून काकांना वाटलं डॉक्टर थट्टा करतात. पण सगळा पेच तिथेच होता. लहान कुत्रं अचानक घर्रघर्र आवाज करून धापा टाकल्यासारखं करायला लागलं, तर मुख्यत्वे दोन गोष्टींचा संशय येतो. एक म्हणजे खोकला. खोकल्यात हवा जोराने बाहेर फेकली जाते, तोंड बहुधा उघडं असतं, आणि शेवटी पुष्कळदा ओकारीसारखं करून थोडा फेस पडतो किंवा गिळला जातो. पोमेरेनियनसारख्या चिमुकल्या जातींत श्वासनळीच्या कड्या कमकुवत होऊन नळी चपटी होण्याचा आजार असतो. त्याचा खोकला कोरडा, कर्कश, बदकाने ओरडावं तसा येतो, आणि गळ्यातला पट्टा ओढला किंवा कुत्रं उत्तेजित झालं की वाढतो. हा आजार रेंगाळत ठेवण्यासारखा नसतो. दुसरी गोष्ट अगदी उलट असते. नाकाच्या मागच्या भागात, टाळूच्या मऊ पडद्याजवळ काहीतरी खवखवतं आणि कुत्रं हवा नाकातून भराभर आत ओढतं. जागच्या जागी उभं राहतं, मान पुढे ताणतं, कोपरं अंगापासून बाहेर काढतं, तोंड मिटलेलं असतं, आणि घुर्र घुर्र असा घोरल्यासारखा आवाज होतो. पाहणाऱ्याला वाटतं आता हे जातंय. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात सगळं थांबतं, कुत्रं एकदा गिळतं, अंग झटकतं आणि आपल्याकडे अशा चेहऱ्याने पाहतं की तुम्हालाच काय झालं? शिंकेत हवा बाहेर पडते, इथे आत ओढली जाते, म्हणून पशुवैद्य याला उलटी शिंक म्हणतात. एरवी चांगल्या कुत्र्याला ती कधीमधी आली तर तिला औषध लागत नाही.

दवाखान्यात नेल्यावर कुत्रं हे करून दाखवत नाही. टेबलावर ठेवलं की ते थरथरतं, शेपूट आत घेतं आणि शहाण्यासारखं वागतं. मालक म्हणतो ‘घरी असं करते’ आणि स्वतः करून दाखवतो. एका सभ्य गृहस्थांना मी दवाखान्याच्या बाकावरून उठून, मान ताणून, कोपरं काढून तो आवाज काढताना पाहिलं आहे. त्यांचं कुत्रं लाजून भिंतीकडे पाहत होतं. अशी नक्कल करताना माणूस श्वास आत घेतो की बाहेर सोडतो, हे त्याचं त्यालाच कळत नाही, आणि डॉक्टरांना हवं असतं तेवढंच. म्हणून व्हिडिओ.

नातीने मग बंदोबस्त केला. टीव्ही बंद. आजीच्या हातातून कांदा काढून घेतला, आणि डॉक्टरांनीही दुजोरा दिला की कांदा हुंगवून उपयोग नाही आणि कुत्र्याने तो खाल्ला तर रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. मोबाइल आडवा धरायचा, कुत्र्याच्या बाजूला खाली बसून, त्याच्याच उंचीवर. वरून घेतला तर नुसती पाठ आणि दोन कान येतात, छाती आणि पोट कसं हलतं ते दिसत नाही. प्रकाश आपल्या पाठीमागून कुत्र्यावर पडायला हवा. आधी पूर्ण कुत्रं, मग आवाज चालू असतानाच थोडं जवळ जाऊन तोंड आणि नाकपुड्या. हाक मारायची नाही, उचलायचं नाही. आणि सगळ्यांत अवघड अट: आवाज थांबला तरी व्हिडिओ थांबवायचा नाही. पुढचं अर्धं मिनिट कुत्रं काय करतं, नीट चालतं की झोकांड्या खातं, लगेच ओळखतं की गोंधळलेलं असतं, याला डॉक्टरांच्या लेखी आवाजाइतकीच किंमत असते.

काकूंची अडचण तोंड बंद ठेवण्याची होती. ‘लेकरू तडफडते अन् मी उगीमुगी पाहू?’ त्यांनी शेवटी पदर तोंडात धरला. व्हिडिओत मागे एक हुंदका ऐकू येतो, पण तो काकूंचा आहे, अशी तळटीप नातीने प्रामाणिकपणे दिली.

दोन संध्याकाळी वाट पाहण्यात गेल्या. टायगरला कळलं असावं की आपल्यावर कॅमेरा रोखलेला आहे. तो आदर्श वागला. काका चिडले, ‘एरवी रोज करते, आता कावून नाही करत बे?’ तिसऱ्या संध्याकाळी काकूंनी देवाजवळ धूप लावला, टायगर तिथे हुंगायला गेला, आणि प्रयोग सुरू झाला. नातीने तो टिपला, आणि पाठवताना फाइल म्हणून पाठवला, कारण साध्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि बारीक हालचाल पुसट होते. काकांच्या पुतण्याने नागपुरातून तोच व्हिडिओ संथ गतीत करून, त्याला पार्श्वसंगीत लावून परत पाठवला होता. तो डॉक्टरांपर्यंत गेला नाही. संथ गतीत श्वास मोजता येत नाही आणि संगीतात तो ऐकू येत नाही.

सोबतचा मजकूर मी इथे जसाच्या तसा देतो: ‘टायगर, पोमेरेनियन, नर, वय ५ वर्षं, वजन ४ किलो. साधारण आठवड्यापासून असं होतं, रोज नाही. बहुतेक वेळा संध्याकाळी धूप लावल्यावर, किंवा पट्टा ओढून फिरायला निघताना. तोंड बंद असतं, आवाज नाकातून. अंदाजे २० सेकंद. नंतर गिळतो आणि लगेच खेळतो. पडत नाही, शुद्ध जात नाही. जीभ गुलाबी. नाकातून पाणी किंवा रक्त नाही. खाणं, पाणी, लघवी, शी नेहमीसारखी. रेबीजची लस वेळेवर. सध्या औषध चालू नाही. सोबत तो एरवी झोपलेला असतानाचा एक व्हिडिओही पाठवते, म्हणजे नेहमीचा श्वास कळेल.’ काकांनी शेवटी ‘नजर लागली असावी’ एवढी एक ओळ घालायचा आग्रह धरला होता. नातीने ती पुसली. बैलाच्या वेळचे काका मात्र या मजकुरात पूर्ण उतरले होते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडे खुलले.

डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. ती उलटी शिंक असावी असं ते म्हणाले, आणि तरीही टायगरला घेऊन या म्हणाले. काकांना हे पटेना. व्हिडिओ पाहिला, मग आता कुत्रं कशाला? पण व्हिडिओला ताप कळत नाही, तो छातीला नळी लावू शकत नाही, आणि नाकात कुसळ घुसलं असेल तर ते त्यात दिसत नाही. आमच्याकडे गवत वाळलं की कुसळाचा खरा उपद्रव असतो. त्यात कुत्रं एकाएकी सटासट शिंकायला लागतं, पंजाने नाक खाजवतं, आणि बहुधा एकाच नाकपुडीतून शेंबूड किंवा रक्त येतं. दवाखान्यात तपासल्यावर टायगरला यांपैकी काही निघालं नाही. छाती स्वच्छ होती, गळा हलका दाबल्यावर खोकला आला नाही. डॉक्टरांनी गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बांधायचा पट्टा घ्यायला सांगितला आणि धूप टायगरपासून लांब लावायला सांगितला. औषध दिलं नाही. औषध न मिळाल्याचं दुःख काकूंना अजून आहे.

निघताना डॉक्टरांनी जे सांगितलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘घशात हाड अडकलं’ असं म्हणत लोक कुत्रं आणतात, आणि तोवर घरातल्या दोघांनी त्याच्या तोंडात बोटं घालून झालेली असतात. खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, वागणं एकदम पालटलं आहे, तर ते हाड नसून रेबीज असू शकतं, आणि त्यात प्रत्येक कुत्रं चवताळतंच असं नाही. काही नुसतं गप्प कोपऱ्यात बसतं. तिथे व्हिडिओ घ्यायचा तर बंद दाराबाहेरून, खिडकीतून. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसाच्या दवाखान्यात त्याच दिवशी जायचं. आकडीचंही तसंच. कुत्रं आडवं पडून पाय झाडायला लागलं तर एकाने घड्याळ पाहावं, आसपासच्या खुर्च्या सरकवाव्यात, तोंडात हात किंवा चमचा घालू नये. झटके पाच मिनिटांच्या वर गेले, किंवा एक आकडी संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर चित्रीकरण सोडून गाडी काढावी. जीभ निळी पडत असेल तेव्हाही तेच.

एरवीसाठी वाचकांना एक विनंती आहे. डॉक्टरांना एकच व्हिडिओ पाठवा, मिनिटभराचा, तुमच्या आवाजाशिवायचा, आणि त्याखाली जे दिसलं तेवढंच लिहा. बाकीचे सगळे, ज्यांत तुमचा कुत्रा शेकहँड करतो आणि पोळी ओळखतो, ते नातेवाइकांना पाठवा. त्यांना निदान करायचं नसतं.